परदेश सहलीवरचा टीसीएस: वळता करून घेताना या चुका टाळा

टूर कंपनीच्या बिलात जीएसटीच्या खाली टीसीएसची ओळ दिसली की बहुतेक लोक ती सहलीच्या खर्चातच धरतात. प्रत्यक्षात तो तुमच्याच नावावर सरकारकडे जमा झालेला आयकर असतो आणि त्या वर्षाच्या करातून तो पूर्ण वळता होतो. अडचण होते ती तो कोणाच्या नावावर जमा झाला आणि कधी व कुठे दाखवायचा, हे वेळेवर न पाहिल्यामुळे.

आर्थिक वर्ष 2025-26 चे उदाहरण घेऊ. त्या वर्षी एका पॅनवर 10 लाख रुपयांपर्यंतच्या परदेश पॅकेजवर 5 टक्के आणि त्यावरील रकमेवर 20 टक्के टीसीएस होता. (1 एप्रिल 2026 पासून रकमेची अट काढून सरसकट 2 टक्के दर आला आहे, मात्र खालील कलमे आणि फॉर्म क्रमांक 2025-26 चे आहेत.) समजा, कोथरूडला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी सप्टेंबरमध्ये चौघांसाठी 12 लाखांचे युरोप पॅकेज स्वतःच्या पॅनवर घेतले. पहिल्या 10 लाखांवर 50,000 आणि उरलेल्या 2 लाखांवर 40,000, असा एकूण 90,000 रुपये टीसीएस कापला गेला. त्यांचा वर्षाचा आयकर 1,80,000 रुपये आहे, म्हणजे पगारातून दरमहा 15,000 रुपये टीडीएस जातो.

पहिली चूक पॅनची. पैसे मुलगा देतो, पण बुकिंग आईच्या नावावर असल्याने काउंटरवर आईचा पॅन दिला जातो. मग टीसीएसची नोंद आईच्या फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे तिच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तपशीलपत्रकात होते आणि मुलाला ती आपल्या विवरणपत्रात घेता येत नाही. आईचे उत्पन्न करपात्र नसले तरी परतावा हवा असेल तर तिलाच विवरणपत्र भरावे लागते. म्हणून ज्याला कर भरायचा आहे त्याच्या खात्यातून पैसे द्यावेत आणि पॅनही त्याचाच द्यावा. पॅनच दिला नाही किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय असेल, तर चढा दर लागतो. हे पावती हातात आल्याबरोबर तपासावे, कारण नंतरची दुरुस्ती टूर कंपनीच्या मर्जीवर राहते.

दुसरी चूक उशिराची, आणि नोकरदारांना ती सर्वांत महाग पडते. ऑक्टोबर 2024 पासून कलम 192(2बी) प्रमाणे कर्मचाऱ्याच्या नावे कापला गेलेला टीसीएस कंपनी पगारावरील टीडीएस ठरवताना धरू शकते. त्यासाठी फॉर्म 12बीएए भरून, पावती जोडून पगार विभागाकडे द्यावा लागतो. आपल्या गृहस्थांनी तो ऑक्टोबरच्या पगाराआधी दिला, तर सप्टेंबरपर्यंत कापलेले 90,000 आणि टीसीएसचे 90,000 मिळून कर पुरा होतो आणि पुढचे सहा महिने टीडीएस शून्यावर येतो. तोच फॉर्म त्यांनी जानेवारीच्या पगाराआधी दिला, तर तीनच पगार उरतात, त्यांतून 45,000 वळते होतात आणि बाकीचे 45,000 परताव्याची वाट पाहत अडकून पडतात. बहुतेक कंपन्या गुंतवणुकीच्या पुराव्यांसोबतच हा फॉर्म मागतात. त्या तारखेची वाट न पाहता तो आधीच स्वीकारतील का, हे विचारून घ्यावे. व्यावसायिकांना हीच सोय अग्रिम कराचा हप्ता काढताना टीसीएस वजा करून मिळते.

तिसरी चूक विवरणपत्रातली, आणि ती भल्याभल्यांकडून होते. कंपनीने टीसीएस धरला, म्हणजे आता तो पुन्हा दाखवायचा नाही, अशी समजूत होते. पण ऑक्टोबरच्या पगाराआधी फॉर्म दिलेल्या आपल्या गृहस्थांच्या फॉर्म 16 मध्ये टीडीएस फक्त 90,000 असतो, तर विवरणपत्रात कर 1,80,000 निघतो. `Schedule TCS` मध्ये टूर कंपनीचा टॅन, म्हणजे कर गोळा करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आणि 90,000 ची रक्कम नसेल, तर तेवढाच कर बाकी दिसतो आणि पुढे मागणीची नोटीस येते. तो टीडीएसच्या रकान्यात भरू नये. विवरणपत्रात आधीच भरून आलेली रक्कम असली, तरी ती पावतीशी ताडून पाहावी.

26एएसमध्ये नोंदच नसेल, तर आधी तिमाही पाहावी. टूर कंपनी 27ईक्यू हे विवरण तिमाहीवार भरते आणि जानेवारी ते मार्चच्या पैशांचे विवरण 15 मेपर्यंत भरले जाते, त्यामुळे एप्रिलमध्ये ती नोंद न दिसणे स्वाभाविक आहे. मे सरल्यावरही नोंद नसेल, तर कंपनीकडे फॉर्म 27डी हे प्रमाणपत्र मागावे. ते मिळत नसेल तर विवरण भरलेच गेले नाही, किंवा पॅन चुकला, अशी शंका रास्त ठरते. पॅन चुकला असेल, तर टूर कंपनीलाच दुरुस्ती विवरण भरावे लागते. ही मागणी पावती जोडून ईमेलने करावी आणि नोंद दिसल्यावरच विवरणपत्र भरावे, मात्र मुदत उलटू देऊ नये.