जर्मनीत नवीन आलात? फॉर्मल मेलला रिप्लाय देताना एवढं बघा

नवीन आलेल्या मंडळींना इथे घर मिळालं की पहिल्या काही आठवड्यातच हाउसफरवाल्टुंगचा म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्या ऑफिसचा मेल येतो. वर "झेअर गेएर्टर हेर" आणि तुमचं आडनाव, खाली "मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन", आणि मधे दोन-तीन कोरडी वाक्यं, की अमुक मंगळवारी सकाळी ८ ते १२ मधे स्मोक डिटेक्टर चेक करायला माणूस येईल, घर उघडं राहील असं बघा, कृपया कन्फर्म करा. आणि आपली मुलं ट्रेनमधे उभ्या उभ्या फोनवरून टाकतात, "हॅलो, ओके, थँक्स!" मनात काही वाईट नसतं, पण समोरच्या बाईंना वाटतं की यानं मेल नीट वाचलाच नाही. शिवाय त्यांच्याकडे ढीगभर फ्लॅट असतात, त्यामुळे हा ओके कुठल्या फ्लॅटचा आणि नक्की कशाला ओके हेही कळत नाही, मग परत मेल येतो आणि या वेळी तो जरा थंड असतो.

बऱ्याच जणांना वाटतं फॉर्मल म्हणजे लांबलचक लिहायचं. इथे तसं नाहीये. जर्मन फॉर्मल मेल छोटाच असतो, फॉर्मलपणा असतो तो पहिल्या ओळीत, शेवटच्या ओळीत आणि "झी" मधे, म्हणजे आपल्या अहो-जाहोमधे. या तीन जागा सांभाळल्या की मधला मजकूर दोन वाक्यांचा असला तरी चालतो. उलट आपल्याकडच्या अर्जासारखं "आदरणीय महोदय, आपणास नम्र विनंती" छापाचं भाषांतर करून पाठवलं, दहा वेळा आभार मानले, तर ते वाचणाऱ्याला विचित्र वाटतं आणि मुद्दा शोधावा लागतो.

आता वरच्याच मेलचं उत्तर बघू. नवीन मेल उघडू नका, त्यांच्याच मेलवर रिप्लाय करा म्हणजे विषयाची ओळ आणि त्यातला त्यांचा नंबर तसाच राहतो. वर "झेअर गेएर्टे फ्राउ अमुक". नाव त्यांच्या सहीतून कॉपी करा, टाइप करू नका, कारण त्या दोन टिंबांच्या अक्षरांत हमखास चूक होते, आणि नावाआधी डॉक्टर असेल तर तेही घ्या. बाईंना "गेएर्टे", पुरुषाला "गेएर्टर", हे उलटसुलट झालं तर लगेच दिसतं. नावानंतर कॉमा, आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर स्मॉल, इंग्रजीसारखं कॅपिटल नाही (नाम किंवा झी असेल तरच कॅपिटल). मग एक वाक्य, मेलबद्दल धन्यवाद. दुसरं वाक्य, मंगळवारी तारीख अमुक, ८ ते १२ मी घरी आहे. तारीख आणि वेळ परत लिहायचीच, तिथेच कळतं की तुम्ही वाचलंय. काही विचारायचं असेल तर ते तिसरं वाक्य. खाली "मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन", त्याच्यापुढे कॉमा नाही, मग पूर्ण नाव, पत्ता, कितवा मजला. या "मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन"चा तीन अक्षरांचा शॉर्टफॉर्म दिसेल लोकांच्या मेलमधे, पण फॉर्मल उत्तरात तो घाईत उरकल्यासारखा दिसतो, पूर्णच लिहा. इमोजी नको.

मेल कुणाच्या नावाने आलेला नसेल तर "झेअर गेएर्टे डामन उंट हेरन". नावावरून बाई की पुरुष ते कळत नसेल तर "गूटन टाग" आणि पूर्ण नाव, अंदाज मारू नका.

पुढचा प्रश्न सगळे विचारतात, मग सैल कधी व्हायचं? तर खालची पायरी आधी त्यांना उतरू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या मेलला त्या "गूटन टाग" किंवा "हालो हेर अमुक" लिहायला लागल्या, खाली "फीले ग्र्यूसे" आलं, की तुम्हीही तेच लिहा. तेव्हा जुन्याच कडक सुरुवातीला चिकटून राहिलात तर तुम्ही रागावलात की काय असं वाटू शकतं. पण "हालो" आलं म्हणजे लगेच "डू", म्हणजे आपलं अरे-तुरे, आलं असं नाही हं! हालोसोबत आडनाव असेल तर अजून झीच चालू आहे. ऑफिसमधे कुणी सहीत फक्त पहिलं नाव लिहिलं आणि मजकुरातही डू वापरलं तर बिनधास्त डू करा, नाहीतर मोठ्या माणसाने किंवा वरच्या माणसाने आधी सुचवायचं अशी पद्धत आहे. आणि गंमत अशी की एकाच कंपनीत आपापसात सगळे डू असतात पण त्याच थ्रेडमधे क्लायंट सीसीला आला की त्याच्याशी झी, म्हणून रिप्लाय ऑल दाबण्याआधी वरची नावं एकदा बघून घ्या.