समारोपाचे आभार: नावांचा क्रम आणि तयारी

महाविद्यालयातल्या एकदिवसीय चर्चासत्राच्या समारोपाला आभार मानायचे आहेत असं सांगितलं, की बहुतेक जण आधी सुंदर वाक्यं शोधायला बसतात. त्याआधी कार्यक्रमपत्रिका समोर घ्यावी. तीही छापलेली नाही, त्या दिवशी सकाळी बदललेली. पत्रिकेत नाव असलेले एखादे सत्राध्यक्ष ऐनवेळी येत नाहीत, त्यांच्या जागी विभागातलेच कोणीतरी बसतात, आणि आभार मात्र न आलेल्यांचे मानले जातात. म्हणून प्रत्येक सत्र सुरू झालं की मंचावर कोण बसलंय ते पाहून यादीत खूण करायची. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये, कारण शेवटी माईकसमोर तुम्हीच असता.

यादीतलं प्रत्येक नाव पाहुण्यांना स्वतः विचारून किंवा त्यांनी पाठवलेल्या परिचयपत्रावरून घ्यावं. डॉक्टरेट आहे की नाही, सध्याचं पद कोणतं, निवृत्त आहेत का, आडनावाचा उच्चार कसा करतात, हे सगळं त्याच वेळी विचारून टाकावं. बाईंच्या नावाआधी श्रीमती लावायचं की सौ., हे आपण ठरवू नये. ‘प्रा. डॉ.’ किंवा नुसतं ‘डॉ.’ यांतलं त्यांना जे चालतं तेच लिहावं आणि ‘माननीय’ व ‘आदरणीय’ एकाच नावामागे लावू नयेत.

आता क्रम. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्याचं मूळ म्हणजे संबोधनाचा क्रम आणि आभाराचा क्रम एकच समजला जातो. भाषणाच्या सुरुवातीला मंचाला उद्देशून बोलताना अध्यक्ष पहिले, मग प्रमुख पाहुणे, मग इतर मान्यवर. आभार मानताना मात्र बाहेरून आलेले आधी आणि घरचे नंतर. समारोपाचे अध्यक्ष आपलेच प्राचार्य असतील, तर प्रमुख पाहुण्यांचे आभार आधी मानावेत आणि त्यानंतर प्राचार्यांचे. अध्यक्षही बाहेरचे असतील, तर त्यांचा मान पहिला आणि मग प्रमुख पाहुणे. काही संस्थांमध्ये अध्यक्ष कोणीही असोत, त्यांचंच नाव आधी घेण्याची रीत आहे. तिथे विभागप्रमुखांना आदल्या दिवशी विचारून घ्यावं आणि ते सांगतील तसं करावं.

एक उदाहरण घेऊ. मराठी विभागाचं बोलीभाषा आणि कोशरचना या विषयावरचं चर्चासत्र आहे. सकाळी उद्घाटन आणि बीजभाषण, मग दोन सत्रं, दुपारी निबंधवाचन आणि शेवटी समारोप. समारोपाला दुसऱ्या विद्यापीठातले एक कोशकार प्रमुख पाहुणे आहेत, अध्यक्षस्थानी प्राचार्य आहेत. उद्घाटक दुपारी जेवण करून गेले.

इथे पहिले आभार समारोपाच्या प्रमुख पाहुण्यांचे, दुसरे अध्यक्ष म्हणून प्राचार्यांचे. समोर बसलेल्यांना ताटकळत ठेवून सकाळपासूनची हजेरी घ्यायची नाही. त्यानंतर मागे वळून उद्घाटक आणि बीजभाषक. उद्घाटक निघून गेले असले तरी त्यांचं नाव गाळू नये. ‘सकाळी ज्यांच्या हस्ते उद्घाटन झालं ते’ एवढं म्हटलं की पुरतं. मग सत्रांप्रमाणे जावं: पहिल्या सत्राचे अध्यक्ष आणि त्यातले वक्ते, मग दुसऱ्या सत्राचे. एखाद्या वक्त्याने ऑनलाइन व्याख्यान दिलं असेल, तर त्याचं नाव त्याच्या सत्रातच घ्यावं, शेवटी वेगळं नको. निबंध वाचणारे पुष्कळ असतात, म्हणून त्यांचे आभार एकत्र मानावेत. दोघांचीच नावं घेतली तर उरलेल्यांना ते लागतं.

पाहुणे झाले की घरचे. परवानगी आणि पाठबळ देणारे संस्थेचे पदाधिकारी, अनुदान मिळालं असेल तर ते देणारी संस्था, मग उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि समन्वयक. प्राचार्यांचे आभार अध्यक्ष म्हणून मानताना महाविद्यालयाने दिलेल्या सोयींचा उल्लेख तिथेच करून टाकावा, म्हणजे त्यांचं नाव दुसऱ्यांदा घ्यावं लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष स्वतः मंचावर असतील, तर त्यांना या गटात ठेवू नये. त्यांना प्रमुख पाहुण्यांच्या लगेच नंतरचं स्थान द्यावं.

इथून पुढे व्यक्तींऐवजी कामांची नावं घ्यावीत: नोंदणी, भोजन, ध्वनिव्यवस्था, मंचसजावट, स्वयंसेवक. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. कार्यालयीन अधीक्षक, ग्रंथपाल आणि सभागृह सकाळी लवकर उघडून देणारे सेवक यांचं काम स्पष्ट शब्दांत सांगावं. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या शब्दांत त्यांना गुंडाळू नये, कारण ते अज्ञात नसतात, सभागृहाच्या दारातच उभे असतात. सर्वात शेवटी सहभागी प्राध्यापक आणि विद्यार्थी.

आता बोलायचं काय. पूर्ण आभार तीन ते चार मिनिटांत संपावेत. संथ बोललं तर तेवढ्यात साधारण साडेतीनशे ते चारशे शब्द बसतात, आणि त्यातले बरेचसे नावं व पदंच खाऊन टाकतात. म्हणून सजावटीची वाक्यं, कवितेच्या ओळी वगैरे आधीच काढून टाकाव्यात. त्याऐवजी प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना त्यातला एकच मुद्दा टिपून घ्यावा. आपल्या उदाहरणात कोशकारांनी सांगितलं, की बोलीतला शब्द टिपताना तो कोणाकडून आणि कोणत्या गावात ऐकला याची नोंद हवी. मग आभार असे: ‘सरांनी शब्दाबरोबर तो सांगणाऱ्याची आणि गावाचीही नोंद ठेवायला सांगितली. आमचे विद्यार्थी लवकरच शब्दसंकलनाला बाहेर पडणार आहेत, तेव्हा ही सूचना त्यांना पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. सर, आपण वेळ काढून आलात, आपले मनःपूर्वक आभार.’ एवढ्याने पाहुण्यांना कळतं की त्यांचं ऐकलं गेलं. इथे थांबायचं. त्यांच्या भाषणाचा सारांश सांगू नये, त्यावर स्वतःचं मतही देऊ नये. अध्यक्षीय भाषण झाल्यावर विषयावर आणखी बोलणं शोभत नाही.

नावं जाड कागदाच्या छोट्या कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहावीत, एका गटाला एक कार्ड, कोपऱ्यात क्रमांक. मोबाइलवरून वाचू नये. मध्येच स्क्रीन बंद होते किंवा फोन येतो. एक कार्ड कोरं ठेवावं, कारण अध्यक्षीय भाषण चालू असताना हमखास कोणीतरी येऊन एखादं राहिलेलं नाव सांगतं. ते नाव लगेच त्याच्या गटात लिहून घ्यावं. तरीही बोलताना कोणी सुटलं आणि लक्षात आलं, तर पुढचा गट संपल्यावर शांतपणे घ्यावं. ‘राहिलंच होतं’ असं म्हणायची गरज नाही.

सूत्रसंचालकांशी दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. आभारानंतर राष्ट्रगीत असेल, तर ‘कार्यक्रम संपला असे जाहीर करतो’ हे वाक्य तुम्ही म्हणू नये. लोक उठून चालायला लागतात आणि राष्ट्रगीत गोंधळात सुरू होतं. शेवटचे आभार मानून ‘धन्यवाद’ म्हणावं आणि माईक सूत्रसंचालकांकडे द्यावा. प्रमाणपत्रं कुठे मिळतील, चहा कुठे आहे, या सूचना त्यांनीच आभारांच्या आधी द्याव्यात.

कार्यक्रम झाल्यावर कार्डं टाकून देऊ नयेत. त्यावर प्रत्यक्ष आलेल्यांची शुद्ध नावं आणि पदं असतात, त्यामुळे अहवाल लिहिणाऱ्यांना ती द्यावीत आणि आभारपत्रंही छापील पत्रिकेवरून नव्हे, त्यांच्यावरूनच काढावीत.