ज्युनियर हेअरस्टायलिस्टची जाहिरात: या चुका टाळा

सलूनवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्याला एखादी तरी जाहिरात येते: "ज्युनियर हेअरस्टायलिस्ट पाहिजे. आकर्षक पगार. हसतमुख, होतकरू, टीमसोबत काम करणारे. त्वरित संपर्क." दोन महिन्यांनी तोच मालक तीच जाहिरात पुन्हा टाकतो आणि खाली लिहितो, आजकालची पोरं टिकत नाहीत. पोरं टिकत नाहीत हे खरं असेलही, पण पहिल्या पगारानंतर जी जातात त्यांचा हिशेब जाहिरातीतच चुकलेला असतो.

माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते ती "पर्यंत" या शब्दावर. "महिना २५,००० पर्यंत कमवा."

पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका सलूनने हेच छापलं होतं. साताऱ्याहून एक मुलगी आली. कोर्स नुकताच संपलेला, हात चांगला, बोलायला गोड. २५ हजारांचा विचार करून तिने पीजी घेतलं, जेवणासकट सात हजार. महिन्याअखेरीस कळलं की फिक्स पगार १४,००० आणि बाकी सगळं इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्हची अट अशी, की पगाराच्या तिप्पट काम झालं की वरच्या रकमेवर १० टक्के. म्हणजे ४२,००० च्या वर गेल्याशिवाय एक रुपयाही नाही. आता ज्युनियरच्या हाताला काम काय येतं? शॅम्पू आणि ब्लो ड्राय. एकाचे ४०० रुपये धरा, दिवसाला तीन, महिन्याचे २६ दिवस. झाले ३१,२००. टार्गेट लांबच राहिलं. २५,००० घ्यायचे तर ११,००० इन्सेंटिव्ह हवं, त्यासाठी एकूण १,५२,००० चं काम, म्हणजे ३८० ब्लो ड्राय, रोजचे चौदा-पंधरा. दोन बॅकवॉश असलेल्या त्या सलूनमध्ये अख्ख्या स्टाफचेही रोज तेवढे होत नव्हते.

मुलगी दिवाळीच्या आठवड्यात निघून गेली. मालकाने तिला बेजबाबदार म्हटलं. मी त्याला हाच हिशेब कागदावर करून दिला, तर म्हणाला, "अहो ताई, पण सिनियर लोक तेवढं कमावतात ना!" कमावतात. मग सिनियरची जाहिरात द्या.

म्हणून जाहिरातीत फिक्स आकडा एकच लिहा, आणि त्याखाली हातात किती पडणार तेही. पीएफ आणि ईएसआय लागू असेल तर १४,००० वर (पूर्ण रकमेवर पीएफ धरला तर) १२ टक्क्यांनी १,६८० आणि ०.७५ टक्क्याने १०५ कापले जातात. मुलगा असेल तर प्रोफेशनल टॅक्सचे २०० आणखी. मुलींना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत तो नाही. म्हणजे हातात साधारण १२,०००. हा आकडा लिहिला की फोन कमी येतात हे खरं आहे. जे येत नाहीत ते पहिल्या पगारानंतर जाणारेच असतात. इन्सेंटिव्हबद्दल मी सरळ लिहिते: पहिले सहा महिने धरू नका.

दुसरी चूक वेळेची. "१० ते ७" लिहायचं आणि साडेनवाला यायला सांगायचं, कारण झाडू-पुसणं, टॉवेल, ट्रॉली लावायची असते. संध्याकाळी सात वाजता शटर खाली येतं का? साडेसहाला रूट टचअपची क्लायंट बसवली तर कलर लावायला अर्धा तास, डेव्हलप व्हायला ३५ ते ४५ मिनिटं, मग वॉश आणि ब्लो ड्राय. साडेआठ वाजले. सिनियर कलर लावून दुसऱ्या खुर्चीवर जातो, वॉशला ज्युनियर उभी राहते, शेवटी फरशीही तीच पुसते. हे आठवड्यात चारदा होत असेल तर तुमची वेळ साडेनऊ ते साडेआठ आहे, तीच लिहा. नाहीतर शेवटची कलर अपॉइंटमेंट साडेचारनंतर घेऊ नका. मी दुसरं करते. काउंटरवरच्या मुलीला हे पाळायला लावणं जड जातं, पण एकदा पाळलं की वेळ खरी होते. ठरावीक संख्येच्या वर कामगार असलेल्या आस्थापनांना महाराष्ट्रात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि पुढचे तास ओव्हरटाइम म्हणून दुप्पट दराने द्यावे लागतात. तुमचं सलून छोटं असलं तरी ४८ हा आकडा समोर ठेवून वेळापत्रक आखा. आणि शनिवार-रविवार सुट्टी नाही हे पहिल्या तीन ओळींत येऊ द्या. मुलाखतीत सांगू म्हणणारे मुलाखतीत विसरतात.

"अनुभव किमान २ वर्षे" ही आणखी एक गंमत. ज्युनियर हवा आणि अनुभवही हवा, म्हणजे शिकवायचे कष्ट नकोत. दोन वर्षं काम केलेला माणूस १४,००० त येतो तेव्हा तो का येतोय हे आधी विचारा. बऱ्याचदा हाताला जाड सेक्शन घ्यायची सवय लागलेली असते, गाइडलाइन न धरता कात्री चालते, आणि सांगितलं की "आमच्याकडे असंच करायचे". ती सवय मोडण्यापेक्षा कोरा हात परवडतो. शिकणारा ओळखायचा तर जाहिरातीतच सांगा की अर्ध्या दिवसाची ट्रायल आहे, तिचे पैसे मिळतील. ट्रायलला डमी हेडवर चार सेक्शन पाडायला सांगते. पहिल्यांदा सगळ्यांचंच पार्टिंग वाकडं येतं. कंगव्याची शेपटी कुठून न्यायची ते एकदा दाखवते आणि पुन्हा करायला लावते. दुसऱ्या वेळी काहीतरी बदललं, तर तो माणूस घ्यायचा. रेषा अजून वाकडी असली तरी चालेल.

बारीकसारीक: "फक्त सुंदर मुली" लिहू नका, लाज वाटली पाहिजे. मूळ सर्टिफिकेट जमा करा, डिपॉझिट भरा, असलं काही मागू नका. "ट्रेनिंग मिळेल" एवढंच लिहून भागत नाही, काय आणि कधी ते लिहा.

मी सध्या टाकते ती जाहिरात अशी:

"ज्युनियर हेअरस्टायलिस्ट, १ जागा. मुलगा किंवा मुलगी. अनुभवाची अट नाही. शनिवार-रविवार काम असतं, सोमवारी सलून बंद. वेळ १०:३० ते ७, जेवणाला पाऊण तास. उशीर झाला तर तास वहीत लिहितो आणि पगारात देतो. फिक्स १४,०००, कापून हातात साधारण १२,०००. टिप तुमची. इन्सेंटिव्ह पहिले सहा महिने धरू नका. पहिले तीन महिने शॅम्पू, ब्लो ड्राय, साफसफाई आणि सिनियरच्या हाताखाली उभं राहणं. चौथ्या महिन्यापासून दर मंगळवारी सकाळी दोन तास डमीवर वन लेंग्थ आणि यू कट. सहाव्या महिन्यात चाचणी. पास झालात तर १६,००० आणि क्लायंटचा कट. नापास झालात तर दोन महिन्यांनी पुन्हा. दिवसभर उभं राहावं लागतं. अर्ध्या दिवसाची ट्रायल आहे, तिचे पैसे मिळतील. अर्ज करताना फोटो नको. कुठे राहता, यायला किती वेळ लागतो आणि हे काम का शिकायचंय ते तीन ओळींत लिहा."

यावर नुसतं "हाय मॅम जॉब आहे का" आलं, तर मी उत्तर देत नाही. तीन ओळी लिहायचा कंटाळा असलेल्या माणसाला पाऊण तास एकाच डोक्याचं ब्लो ड्राय करायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे. राहतो कुठे हे मात्र नीट वाचते. येऊन-जाऊन तीन तास प्रवास असेल तर हात कितीही चांगला असो, मी आधी फोन करून जवळपास राहायची काही सोय आहे का ते विचारते, आणि नसेल तर बारा हजारांत भाडं बसत नाही हे स्वतःच सांगून टाकते.