सुपरहीट आणि रिहीट: या चुका टाळा

वाफेवर चालणाऱ्या वीजसंचाचं एकच उदाहरण घेऊन बोलू. बॉयलर १०० बारवर चालतोय, कंडेन्सरमध्ये ०.१ बार दाब आहे आणि टर्बाइन आदर्श आहे, म्हणजे एन्ट्रॉपी बदलत नाही. वाफ सुपरहीट न करता थेट संतृप्त अवस्थेत टर्बाइनला दिली, तर कार्यक्षमता साधारण ३७.२ टक्के येते आणि एक्झॉस्टला शुष्कता अंश, म्हणजे मिश्रणातला कोरड्या वाफेचा वाटा, जेमतेम ०.६६ उरतो. एक तृतीयांश पाणीच! तीच वाफ ५०० अंशांपर्यंत सुपरहीट केली की कार्यक्षमता ४०.२ टक्के होते आणि शुष्कता ०.७९. २० बारवर वाफ टर्बाइनमधून बाहेर काढून पुन्हा ५०० अंशांपर्यंत रिहीट केली, तर ४१.७ टक्के आणि ०.९०.

या आकड्यांतच पहिली चूक लपलेली आहे. अनेकांना वाटतं, रिहीट हे कार्यक्षमता वाढवण्याचं साधन. इथे रिहीटने मिळाला दीड टक्का, पण शुष्कता ०.७९ वरून ०.९० वर गेली. टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांसाठी ०.८८ च्या खाली जाऊ नये असा ढोबळ नियम आहे. रिहीट नसता, तर इतका दाब ठेवणंच धोक्याचं होतं. रिहीटची खरी कमाई ही, की त्यामुळे बॉयलरचा दाब वाढवता येतो.

दुसरी चूक परीक्षेच्या पेपरात हमखास दिसते. रिहीटमुळे वाढलेलं काम धरायचं, पण रिहीटरमध्ये दिलेली उष्णता विसरायची. आपल्या उदाहरणात दर किलो वाफेमागे निव्वळ काम १५४६ किलोज्यूल. बॉयलर आणि सुपरहीटरमध्ये दिलेली उष्णता ३१७३, रिहीटरमध्ये आणखी ५३७. भागाकार ३७१० ने करायचा. ३१७३ ने केला की ४८.७ टक्के असं सुंदर आणि साफ खोटं उत्तर येतं. रिहीटने एका दमात आठ-नऊ टक्के वाढ दाखवली, तर आधी छेद तपासा.

तिसऱ्या चुकीवर जरा थांबावं लागेल, कारण ती समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. ‘रिहीट जितका खालच्या दाबावर, तितकी वाफ कोरडी, म्हणजे तितकं चांगलं’ हा तर्क वरवर बरोबर वाटतो. वरच्याच उदाहरणात रिहीट २० बारऐवजी २ बारवर, तेवढ्याच ५०० अंशांपर्यंत करून पाहा. काम वाढून १६४० किलोज्यूल होतं, पण उष्णता ४१६२ द्यावी लागते. कार्यक्षमता ३९.४ टक्के, म्हणजे रिहीट मुळीच नसताना होती त्याहूनही कमी! कारण २ बारपर्यंत पसरताना वाफ १२० अंशांवर येऊन ओलीही झालेली असते, आणि तिथून उष्णता देणं म्हणजे बरीचशी उष्णता कमी तापमानाला देणं. उष्णता सरासरी जितक्या जास्त तापमानाला दिली जाते, तितकी सायकल चांगली. २० बारवर रिहीट सुमारे २६२ अंशांपासून सुरू होतो, म्हणून तो फायद्याचा. शिवाय २ बारच्या प्रयोगात एक्झॉस्ट सुमारे ११४ अंशांची सुपरहीट वाफ निघते. ती जास्तीची उष्णता कंडेन्सरच्या थंड पाण्यातच जाते. म्हणूनच रिहीटचा दाब सहसा मुख्य दाबाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या आसपास ठेवतात.

आता प्रत्यक्ष संचाकडे. एलपी म्हणजे कमी दाबाच्या टर्बाइनच्या एक्झॉस्टचं तापमान पाहून वाफ कोरडी आहे की ओली हे ठरवणं व्यर्थ आहे. ०.१ बारला तापमापक ४६ अंश दाखवणार, मग शुष्कता ०.८० असो की ०.९५. ओलसरपणा ओळखायचा असेल तर हॉट रिहीटचं, म्हणजे रिहीटरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचं तापमान आणि कंडेन्सरचा व्हॅक्यूम एकत्र पाहा. थंडीत कूलिंग वॉटर गार असतं, व्हॅक्यूम सुधारतो, सगळे खूश असतात. पण पसरण आणखी खालपर्यंत गेल्याने ओलसरपणा वाढतो. त्यातच कमी लोडवर रिहीटचं तापमान घसरलं, तर थेंबांचा मारा शेवटच्या रांगेतल्या पात्यांच्या टोकाजवळ, पुढच्या कडेवर बसतो. ओव्हरहॉलला ती कड बोटाला खरखरीत लागते, म्हणूनच तिथे स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी लावतात.

उलट, रिहीटचं तापमान वाढलं की सरळ स्प्रे, म्हणजे वाफ थंड करणारा पाण्याचा फवारा, उघडण्याची सवय महागात पडते. सुपरहीटरमध्ये फवारलेलं पाणी वाफ होऊन निदान पूर्ण टर्बाइनमधून जातं. रिहीटरमध्ये फवारलेल्या पाण्याची वाफ एचपी म्हणजे जास्त दाबाच्या टर्बाइनला वळसा घालून थेट पुढच्या सिलिंडरमध्ये शिरते, म्हणजे तेवढ्या वाफेपुरता आपण कमी दाबाचा बॉयलरच चालवतो. बर्नर टिल्ट, म्हणजे बर्नर वर-खाली कलवण्याची सोय, असलेल्या बॉयलरमध्ये आधी टिल्ट खाली आणा, काजळी साफ करण्याचं वेळापत्रक तपासा आणि जादा हवा किती चाललीय ते बघा. तरीही तापमान आवरत नसेल, तरच स्प्रे.