संदर्भ देताना या चुका टाळा: एकाच यादीत तीन शैली कशा घुसतात

एम.ए.चे लघुशोधनिबंध तपासायला आले की मी आधी शेवटचं पान उघडतो. प्रकरणं नंतर. संदर्भसूचीच्या पहिल्या सात-आठ नोंदी वाचल्या की निबंध कसा जमवलाय ते बऱ्यापैकी समजतं. शैली चुकीची निवडली, अशी तक्रार मला क्वचितच करावी लागते. निवडलेली शैली तिसऱ्या नोंदीपर्यंतही टिकत नाही, ही तक्रार मात्र जवळपास प्रत्येकाबद्दल असते.

निवडीत फार वेळ घालवू नका. विभागाची किंवा नियतकालिकाची नियमावली असेल तर प्रश्न तिथंच मिटला. नसेल तर विषय बघा. साहित्याचा निबंध असेल तर एमएलए, कारण तिथं वाचकाला पान हवं असतं, वर्षाशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांना एपीए, कारण संशोधन किती ताजं आहे हे वाक्यातच दिसावं लागतं. इतिहासाचं काम असेल आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले कागद वापरले असतील तर शिकागोची तळटीप पद्धत सोयीची पडते. अमुक दप्तरातला, अमुक तारखेचा, अमक्यानं तमक्याला लिहिलेला कागद, एवढा मजकूर कंसात कोंबला तर वाक्याचा श्वास कोंडतो. फक्त शिकागोत दोन पद्धती आहेत, तळटिपांची आणि लेखक-वर्षाची, हे ध्यानात ठेवा. 'शिकागो वापरलंय' म्हणत दोन्ही एकत्र केलेले निबंध मी पाहिलेत.

शैलीबरोबर तिची आवृत्तीही लिहून ठेवा. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ची, एमएलएची नववी २०२१ची, शिकागोची अठरावी २०२४ची. पुढची बरीचशी भानगड आवृत्तीचीच असते.

एक पुस्तक, तीन अवतार

एका विद्यार्थिनीनं वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'वर निबंध लिहिला होता. विभागाची अट एपीएची होती. तिच्या यादीत ही कादंबरी दोनदा आली होती.

```
खांडेकर, वि. स. (१९५९). ययाति. पुणे: देशमुख आणि कंपनी.
खांडेकर, वि. स. ययाति. देशमुख आणि कंपनी, १९५९.
```

आणि मजकुरात होतं: (खांडेकर, पृ. ११२).

पहिली नोंद एपीएचीच आहे, पण सहाव्या आवृत्तीची. सातव्या आवृत्तीनं प्रकाशनाचं गाव काढून टाकलं, त्यामुळं 'पुणे:' दिसलं की ओळखावं, ही नोंद कुठल्यातरी जुन्या प्रबंधातून उचललीय. दुसरी नोंद एमएलएची आहे. वर्ष शेवटी आणि कंसाबाहेर आलं ही तिची खूण. मजकुरातला कंस तर कुणाचाच नाही. एमएलएत स्वल्पविराम आणि 'पृ.' नसतं, नुसतं (खांडेकर ११२) असतं. एपीएत अवतरण दिलं की वर्ष आणि पान दोन्ही लागतात.

ती म्हणाली, "सर, पुस्तक तर तेच हाय की. वाचणाऱ्याला कळतंयच."

पुस्तक तेच नव्हतं, खरी गोम तिथंच होती. तिच्या हातात मेहता पब्लिशिंग हाऊसची प्रत होती आणि पान ११२ त्या प्रतीतलं होतं. यादीत मात्र देशमुख आणि कंपनी. वाचक १९५९ची प्रत उघडून ११२वं पान काढेल तर ते वाक्य तिथं असेलच असं नाही. नियम साधा आहे: जी प्रत समोर ठेवून लिहिलं, तिचीच नोंद द्यायची आणि मूळ वर्ष जोडीला सांगायचं. तिची प्रत २०१३ची होती असं धरू.

```
खांडेकर, वि. स. (२०१३). ययाति. मेहता पब्लिशिंग हाऊस. (मूळ प्रकाशन १९५९)
```

मजकुरात (खांडेकर, १९५९/२०१३, पृ. ११२). एपीएत पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात हवं. देवनागरीचे बरेच फाँट मुळात तिरपे नसतात, संगणक उभीच अक्षरं कलंडवून दाखवतो. ते डोळ्याला खुपत असेल तर मार्गदर्शकांना विचारून ठळक अक्षरं घ्या, पण मग सगळ्या नोंदींना तीच. निम्म्या तिरप्या, निम्म्या अवतरणचिन्हांत, असं नको.

ही सरमिसळ येते कुठून

गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या Cite वर टिचकी मारली की एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड, व्हँकुव्हर अशी रांग येते. पहिली ओळ एमएलएची असते आणि घाईत तीच उचलली जाते. शिवाय तिथली माहिती यंत्रानं गोळा केलेली असते. अंक क्रमांक गायब असणं, आडनावाच्या जागी मधलं नाव येणं हे नेहमीचंच. मराठी नावांच्या बाबतीत तर जास्तच.

दुसरी वाट वर्डची. References मध्ये Style ची यादी असते. आपल्याकडच्या बऱ्याच संगणकांवर तिथं APA Sixth Edition असं दिसतं. ते निवडलं की वर्ड इमानेइतबारे गावाचं नाव छापत राहतो. तिसरी वाट म्हणजे शोधगंगेवरचा एखादा प्रबंध. त्यातून पुस्तकाचा पत्ता घ्या, नोंद उचलू नका.

माझ्या मते नवख्यानं स्वतःच्या हातानं चार नमुने तयार करावेत: पुस्तक, नियतकालिकातला लेख, संपादित ग्रंथातलं प्रकरण आणि संकेतस्थळ. त्यांचा कागद समोर चिकटवावा आणि प्रत्येक नवी नोंद त्यावर बघून टंकावी. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर वापरलं तरी नोंदी नजरेखालून घालाव्याच लागतात. त्यात भरलेलं नाव चुकलं असेल तर ते चूकच छापतं, फक्त सगळीकडे सारखी.

तपासणी आडवी करा

बहुतेक जण यादी वरून खाली, एकेक नोंद वाचत जातात. तसं वाचलं की प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर वाटते. त्याऐवजी यादीची प्रत काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा. आधी फक्त नावं: कुठं 'खांडेकर, वि. स.' तर कुठं 'खांडेकर विष्णू सखाराम' असं झालंय का. मग फक्त वर्षं. मग फक्त प्रकाशक. शेवटी विरामचिन्हं. या पद्धतीनं 'पुणे:' दोन मिनिटांत सापडतं.

त्यानंतर मजकूर आणि यादी यांचा मेळ घाला. Ctrl+F दाबून सुरुवातीचा कंस शोधा आणि सापडलेल्या प्रत्येक संदर्भापुढं यादीत खूण करा. खूण न झालेल्या नोंदी एपीएच्या यादीतून काढायच्या, कारण तिथं फक्त उल्लेखलेलंच येतं. उलट, मजकुरात आहे आणि यादीत नाही असंही निघेल. वर्ष टंकून शोधणार असाल तर आधी आकडे बघून घ्या. अर्ध्या निबंधात १९५९ आणि अर्ध्यात 1959 असेल तर एका शोधात सगळे सापडत नाहीत.

इंग्रजी पुस्तकं असतील तर त्यांची यादी मराठी यादीखाली वेगळी लावावी, असं मी सांगतो. वर्डला सगळं एकत्र क्रमानं लावायला सांगितलं तर तो रोमन आणि देवनागरी नोंदींचे दोन गट करतो, आणि मग 'कीर' आणि Keer दोन टोकांना जाऊन बसतात. विभागाला एकच यादी हवी असेल तर इंग्रजी नावं देवनागरीत लिहायची की कशी, हे निबंध बांधायला देण्याआधी मार्गदर्शकांकडून लेखी घ्या.