सांधेदुखीच्या गोळ्या चालू असताना ज्येष्ठांचे पोट अल्सरपासून कसे सांभाळावे

वेदनाशामक गोळी भरल्या पोटी घेतली की पोटाला काही होत नाही, हे वाक्य माझ्या दुकानात रोज कोणीतरी म्हणते, आणि गेल्या बावीस वर्षांत त्या समजापायी झालेले नुकसान मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता ते शांतपणे ऐकून घेणे मला जमत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये जिने चढून-उतरून गुडघे झिजलेले, सत्तरी गाठलेले अनेक जण माझ्याकडून औषधे नेतात. त्यांच्या औषधांची पिशवी कशी तपासावी आणि पोटाच्या संरक्षणाचे औषध नीट कसे घ्यावे, ते मी येथे लिहीत आहे. औषध बदलण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. मात्र त्यांच्यापुढे पूर्ण माहिती ठेवणे घरच्यांच्या हातात आहे.

जठरातील आम्लापासून जठराच्या अस्तराचा बचाव चिकट स्राव आणि भरपूर रक्तपुरवठा करतात, आणि ही दोन्ही कामे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर अवलंबून असतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. सांध्याची सूज त्यामुळेच उतरते आणि जठराचे अस्तरही त्यामुळेच उघडे पडते. हा परिणाम मुख्यतः रक्तातून होत असल्याने पोटात पोळी असली किंवा नसली तरी फारसा फरक पडत नाही. जेवणानंतर गोळी घेतल्याने तात्पुरती जळजळ कमी होते, एवढेच. कंबरेत घेतलेले इंजेक्शन पोटाला सुरक्षित असते, हा समजही याच कारणाने चुकीचा आहे.

पिशवी रिकामी करा

घरातील सर्व औषधे, उशाखालची आणि पर्समधली धरून, एका टेबलावर मांडावीत.

दडलेल्या वेदनाशामक गोळ्या शोधा

सगळी गोम या पायरीत आहे, आणि येथे मी स्वतः चुकलेली आहे. आमच्या गल्लीतील ७४ वर्षांच्या एका काकूंची पिशवी मी आषाढात तपासली होती. गुडघ्यांसाठी त्या ॲसिक्लोफिनॅक १०० मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी दिवसातून दोनदा घेत होत्या. पिशवीतील लांबट कॅप्सूलकडे मी बोट दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती कोलेस्टेरॉलची आहे गं, दुखण्याची नव्हे." मी स्ट्रिप उलटी करून वाचली नाही. त्या एका कॅप्सूलमध्ये कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर रक्त पातळ करणारे क्लोपिडोग्रेल आणि ७५ मिलीग्रॅम ॲस्पिरिनही होते. पुढे गणपतीच्या दिवसांत मोदकांसाठी तासन् तास ओट्यापाशी उभे राहिल्यावर त्यांनी चिंचवडच्या जाऊबाईंकडची उरलेली एटोरिकॉक्सिबची गोळीही रोज घ्यायला सुरुवात केली. अशा रीतीने अस्तराचे संरक्षण काढून घेणारी तीन औषधे एकाच वेळी पोटात जात होती, आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने त्या "दुखण्याची एक गोळी आणि कधीतरी एक जास्तीची" एवढेच घेत होत्या.

अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी त्या न्हाणीघरात चक्कर येऊन बसल्या. त्याआधी दोन दिवस त्यांना डांबरासारखी काळी आणि चिकट शौचाला होत होती, पण पोट अजिबात दुखत नव्हते, म्हणून त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. हिमोग्लोबिन ६.८ भरले, रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या, आणि एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात अल्सर दिसला. वेदनाशामक गोळी अल्सरची वेदनाही दाबून टाकते, त्यामुळे वृद्धांमध्ये रक्तस्राव हेच अनेकदा पहिले लक्षण ठरते. "मला ॲसिडिटीचा त्रासच नाही" या वाक्यावर मी तेव्हापासून कधीही विसंबले नाही.

म्हणून औषधाचे व्यापारी नाव आणि ते कशासाठी दिले आहे हे बाजूला ठेवून प्रत्येक स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेले घटक भिंगातून वाचावेत. ज्यांचा शेवट फिनॅक, प्रोफेन, कॉक्सिब किंवा ऑक्सिकॅम असा होतो ते घटक ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांच्या गटातले असतात. नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, केटोरोलॅक, इंडोमेथासिन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही नावे त्या शेवटांत बसत नाहीत, ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात. ॲस्पिरिन हृदयाच्या कॅप्सूलमध्ये शोधावे. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड आणि रक्त पातळ करणारी औषधे वेदनाशामक नसली तरी त्यांच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तीही यादीत लिहावीत. सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणारी, घटक न छापलेली पुडी कोणी आणली असेल, तर तिच्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असू शकते. ती मी कोणालाही घेऊ देत नाही.

कापलेल्या स्ट्रिपमुळे येथे फार घोटाळा होतो. चार गोळ्या मागितल्या की दुकानदार स्ट्रिप कात्रीने कापून देतो, आणि पुष्कळदा घटकांची ओळ दुसऱ्या तुकड्यावर राहते. काकूंकडच्या एटोरिकॉक्सिबच्या तुकड्यावर नावाची शेवटची तीन अक्षरे आणि मुदत संपण्याची तारीख एवढेच उरले होते. ज्या तुकड्यावर घटक वाचता येत नाहीत, तो बिलाशी ताडून पाहावा. बिल नसेल तर ती गोळी वापरू नये. यादी झाल्यावर मोजावे: हृदयासाठी दिलेले ॲस्पिरिन सोडून या गटातले एकापेक्षा जास्त औषध कोणालाही नको. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र बराच वाढतो. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल तर, कारण ते थांबवल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

संरक्षक औषध ठरवून घ्या आणि वेळेवर घ्या

वय ६५ च्या पुढे असेल आणि यादीत या गटातले औषध रोजचे असेल, तर पोटाच्या संरक्षणासाठी काय द्यायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे. पूर्वी कधी अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असेल, तर ते सर्वांत आधी सांगावे, कारण धोका सर्वाधिक त्यानेच वाढतो. बहुतेक वेळा पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल यांपैकी एक दिवसातून एकदा दिले जाते. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. काकूंना म्हणूनच पँटोप्राझोल ४० मिलीग्रॅम दिले गेले.

हेच औषध काकूंकडे आधीपासून होते, पण जळजळ झाली तरच आणि तेही जेवणानंतर घेतले जात होते. जठरातील आम्ल सोडणारे पंप जेवणाच्या चाहुलीने सुरू होतात, आणि हे औषध चालू झालेल्या पंपालाच बंद करते. त्यामुळे ते सकाळी उठल्यावर पाण्याबरोबर अख्खे गिळावे, आणि चहा-नाश्ता अर्ध्या तासाने घ्यावा. पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते वेदनाशामक सुरू होते त्याच दिवशी सुरू करून, ती गोळी चालू आहे तोवर रोज घ्यावे. बहुतेकांकडे याच औषधाची डोम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल असते. अल्सर टाळण्यासाठी त्या जोडीचा काही उपयोग नाही, आणि साठीनंतर डोम्पेरिडोनमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून साधी गोळी लिहून मागावी.

गुलाबी किंवा पांढऱ्या पातळ औषधाचे दोन चमचे घेतल्याने छातीतली जळजळ थांबते, पण अल्सर टळत नाही. आम्ल कमी करणारे फॅमोटिडीन नेहमीच्या मात्रेत लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर कमी करते, जठराचा नव्हे. मिसोप्रोस्टॉल प्रोस्टाग्लँडिनची उणीवच भरून काढते आणि प्रभावीही आहे, परंतु ते दिवसातून अनेकदा घ्यावे लागते आणि जुलाब इतके होतात की वृद्ध माणसे ते लवकर सोडून देतात. पँटोप्राझोलचे संरक्षणही जठर आणि त्यालगतच्या आतड्यापुरतेच असते. पुढच्या आतड्यातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव त्याने थांबत नाही. म्हणून गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर दर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासावे, आणि ते हळूहळू उतरत असेल तर "वयामुळे होतं" असे म्हणून सोडून देऊ नये.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जंतू असेल तर धोका आणखी वाढतो. त्याची तपासणी शौचाच्या किंवा श्वासाच्या नमुन्यावर होते, पण पँटोप्राझोल चालू असताना ती खोटी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे ती केव्हा करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. काकूंमध्ये हा जंतू सापडला आणि १४ दिवसांच्या औषधांनी तो गेला. तरीही पँटोप्राझोल चालूच ठेवावे लागले, कारण ॲस्पिरिन चालू राहणार होते.

गोळीची गरज कमी करा

गुडघा आणि हाताच्या बोटांसाठी डायक्लोफिनॅकचे मलम दिवसातून तीन-चार वेळा नियमित लावावे. त्याचा अगदी थोडा अंश रक्तात जातो. काकू आता मलम, ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम यांवर चालतात, आणि मोदक स्टुलावर बसून करतात.

धोक्याची खूण ओळखा

लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग गडद होतो, पण ती सहसा हिरवट काळी आणि घट्ट असते. रक्तस्रावाची शौच डांबरासारखी चकचकीत आणि चिकट असते, पाण्याने सहज निघत नाही, आणि तिला वेगळीच उग्र दुर्गंधी येते. अशी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा उभे राहताच येणारी चक्कर यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालयात जावे, वेदनाशामक गोळीचा पुढचा डोस देऊ नये, आणि औषधांची ती यादी व सगळ्या स्ट्रिप बरोबर न्याव्यात. ॲस्पिरिन थांबवायचे की नाही आणि थांबवले तर कधी पुन्हा सुरू करायचे, हे तेथील डॉक्टर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. काकूंचे ते अवघ्या काही दिवसांत पुन्हा सुरू झाले, म्हणून घरी परतताना हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे.