चौघांचं वरण-भात पंचवीसजणांसाठी करताना या चुका टाळा

घरात चौघांसाठी रोज 300 ग्रॅम तांदूळ आणि 200 ग्रॅम तुरीची डाळ लागते. पंचवीसजण जेवायला येणार म्हटलं की हिशोब सरळ वाटतो, सगळं सव्वासहापट करायचं. तांदूळ पावणेदोन किलोच्या थोडे वर, म्हणजे 2 किलो धरा; डाळ सव्वा किलो. इथपर्यंत गुणाकार बरोबर आहे, कारण पोटं सव्वासहापट वाढलेली असतात. गडबड होते ती पुढे, जेव्हा त्याच आकड्याने पाणी, तेल, हिंग आणि वेळ यांनाही गुणलं जातं. शेगडी तेवढीच राहते, तिची ज्योत तेवढीच राहते, आणि पातेल्यातून निघणारी वाफ तर सव्वासहापट होतच नाही.

इंदूरकडच्या आपल्या मराठी घरांत सत्यनारायण, केळवण, बारसं अशा निमित्ताने पंचवीस माणसं जेवायला येणं नवीन नाही. केटरर बोलवावा एवढी संख्या नाही आणि रोजच्या भांड्यांत मावेल एवढी कमीही नाही. म्हणून घरातल्या दोन शेगड्यांवरच हे जेवण कसं निभवायचं, तेवढंच इथे बघू. दुपारी एकची पंगत धरून चालू.

भाताचं पाणी सहापट घालणं

सगळ्यात जास्त भात बिघडतो तो इथे. 300 ग्रॅम तांदळाला आपण साधारण पाऊण लिटर पाणी घालतो. त्यातलं सगळं पाणी तांदूळ पीत नाही, बरंच वाफ होऊन जातं. वाफ किती जाणार हे पातेल्याचं तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट आणि भात किती वेळ उकळला यावर ठरतं. आत तांदूळ किती आहेत यावर फारसं नाही. म्हणून 2 किलोला 5 लिटर पाणी ओतलं की जे पाणी उडायला हवं होतं ते आतच राहतं आणि वरच्या थराला शिजू देण्याच्या नादात खालचा भात गिचका होतो.

1 किलो तांदळाला 2 लिटर पाणी पुरतं. तांदूळ अर्धा तास भिजवून नीट निथळले असतील तर पावणेदोन लिटरवर थांबा. जुना तांदूळ थोडं जास्त पितो, नवा कमी. म्हणून घरी रोज जो तांदूळ शिजतो तोच या दिवशी वापरावा. सियागंजात गेलं की दुकानदार कालीमूंछ दाखवतो, वास सुरेख असतो, मोह होतो; पण त्याचं पाणी तुमच्या हाताला माहीत नसेल तर आधी एकदा चौघांसाठी करून बघा. पंगतीच्या दिवशी पहिल्यांदा नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 2 किलो भात एका पातेल्यात लावू नका. घरच्या शेगडीची ज्योत मोठ्या पातेल्याच्या फक्त मध्यभागी पोचते. कडेचा आणि वरचा भात वाफेच्या भरवशावर राहतो, आणि ती वाफ जाड थरातून वर येईपर्यंत तळ धरतो. शिवाय स्वतःच्याच वजनाने खालची शितं दबतात. 8 लिटरची दोन पातेली घ्या, प्रत्येकात 1 किलो. भात फुलल्यावर पातेलं साधारण अर्धं भरेल, आणि तेवढा थर घरची ज्योत सांभाळते.

पाणी आधीच उकळून ठेवलेलं असावं. गार पाण्यापासून सुरुवात केली तर एवढं पाणी तापेपर्यंत तळाचा तांदूळ अर्धा शिजून चिकट होतो. उकळत्या पाण्यात तांदूळ घाला, पुन्हा उकळी आली की एकदाच तळापासून हलवा, पाणी तांदळाच्या पातळीला आलं की गॅस अगदी बारीक करा आणि झाकण ठेवा. त्यानंतर चमचा लावायचा नाही. 12 ते 15 मिनिटांनी गॅस बंद करून 10 मिनिटं मुरू द्या.

वरचं शीत कणी राहिलं असेल तर अर्धी वाटी उकळतं पाणी शिंपडा, पातेल्याखाली तवा सरकवा, ओला फडका झाकणाखाली पसरून बारीक आचेवर 8-10 मिनिटं ठेवा. फडक्याची टोकं मात्र वर दुमडून घ्या, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. तळ लागल्याचा वास आला तर ढवळू नका आणि खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. करपलेलं तिथेच राहिलं तर वास पसरत नाही, पण एकदा ढवळलं की सगळ्या भाताला लागतो. भात फारच मऊ झाला तर परातीत पसरून पंख्याखाली 5 मिनिटं ठेवा, जास्तीचं पाणी थोडं निघून जाईल. तो मोकळा होणार नाही, पण गरम वरण आणि तुपाबरोबर गुरगुट्या भात म्हणून छान जातो.

डाळ शिजत नाही, आणि दोष डाळीला दिला जातो

पंचवीसजणांच्या दिवशी पाणी जास्त लागतं. नर्मदेचे नळ शहरात बऱ्याच भागांत दिवसाआड येतात. टाकीतलं पाणी आंघोळी-पूजेत संपलं की डाळ बोरिंगच्या पाण्यात चढते. बोरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातल्या चुन्यासारख्या क्षारांमुळे डाळीच्या पेशी एकमेकींना धरून राहतात आणि शिट्ट्या कितीही झाल्या तरी डाळ दाणेदार राहते. तुमच्याकडे गीझरमध्ये किंवा केटलीत पांढरं कीट चढत असेल तर हीच शंका आधी घ्या. उपाय सोपा आहे: डाळ आणि भातासाठीचं नर्मदेचं पाणी आदल्या पाळीला वेगळं भरून झाकून ठेवायचं. धुणं-विसळणं बोरिंगने करा.

चिंच, आमसूल, टोमॅटो यांनीही डाळ शिजायला वेळ लागतो. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर.

मग कुकर. सव्वा किलो डाळ 5 लिटरच्या एका कुकरमध्ये कोंबू नका. डाळीला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. फेसाने आणि डाळीच्या कणांनी वाफेची वाट बुजली तर ते धोक्याचं आहे. साधारण 420 ग्रॅमचे तीन घाण करा, प्रत्येकाला सव्वा लिटर पाणी, थोडं तेल आणि चिमूटभर हळद. डाळ आधी अर्धा तास भिजलेली हवी. शिट्ट्या मोजून भरवसा ठेवू नका, कारण जास्त भरलेल्या कुकरला पहिली शिट्टी यायलाच वेळ लागतो. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून 10-12 मिनिटं धरा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

मीठ आणि फोडणी

तिन्ही घाण 10 लिटरच्या पातेल्यात ओतून घोटले की साधारण 5 लिटर घट्ट वरण होतं. त्यात 2 लिटर उकळतं पाणी घातलं की 7 लिटर, म्हणजे माणशी मोठी वाटीभर. मीठ या 7 लिटरला लागतं, आधीच्या 5 लिटरला नाही. घट्ट असताना चव घेऊन मीठ ठरवलं की पाणी घातल्यावर अळणी होतं, मग घाईघाईत वरून पडलेलं मीठ नेमकं जास्त होतं. सगळं पाणी घालून झाल्यावर 50 ग्रॅम मीठ घाला, म्हणजे सपाट 9-10 चहाचे चमचे. फोडणी पडून एक उकळी आली की चव घ्या. बहुतेक वेळा आणखी दोन-तीन चमचे लागतात, पण ते तेव्हाच कळतं.

फोडणीचं मात्र निराळं. चौघांना दीड मोठा चमचा तेल लागत असेल तर पंचवीसजणांना सहा मोठे चमचे पुरतात, नऊ नाही. तेलाचं काम मोहरी-जिरं बुडतील आणि तडतडतील एवढंच असतं. हिंग तिप्पट, हिरव्या मिरच्या दोनच्या जागी सात-आठ. पंगतीत मुलं आणि म्हातारी माणसं असतात, वरण तिखट झालं तर ते मागे फिरवता येत नाही. ज्यांना झणझणीत हवं ते शेव घालून घेतील, आपल्याकडे तिची कमी नाही.

मोठी कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून मोहरी तडतडली, जिरं फुललं की गॅस बंद करा आणि मगच हिंग, कढीपत्ता, हळद घाला. चौघांच्या छोट्या कढल्यात जो एक क्षण मिळतो तो इथे मिळत नाही, हळद लगेच काळपट होते आणि सगळं वरण कडवट लागतं. फोडणी करपली तर मन घट्ट करून ती टाकून द्या. सहा चमचे तेल गेलं तरी सव्वा किलो डाळ वाचते. आणि जड कढई उचलून पातेल्यात ओतू नका. दोन डाव वरण जपून कढईत सोडा, चरचर शांत झाली की ते मिश्रण पातेल्यात घाला.

दोन शेगड्यांची वाटणी

साडेदहाला डाळ भिजवा. अकराला दोन कुकर दोन शेगड्यांवर. साडेअकराच्या सुमारास एक कुकर मोकळा झाला की त्यात तिसरा घाण चढवा, आणि दुसऱ्या शेगडीवर 6 लिटर पाणी झाकून ठेवा: 4 भातासाठी, 2 वरणासाठी. घरच्या मोठ्या बर्नरवर हे पाणी उकळायला अर्धा तास सहज लागतो, आणि नेमका हाच वेळ कुणी हिशोबात धरत नाही. याच दरम्यान तांदूळ धुऊन भिजवा. बारा-सव्वाबारापर्यंत वरण फोडणीसकट एक उकळी येऊन तयार झालं की खाली उतरवा, जाड कापडाने झाका. मग दोन्ही शेगड्या भाताला. पावणेएकला भात मुरायला लागला की वरण परत आचेवर.

तेव्हा ते नक्की घट्ट झालेलं असेल. वरण उभं राहिलं की दाट होतं, म्हणून लिटरभर उकळतं पाणी बाजूला हवंच. गार पाणी घातलं तर ते वर तरंगतं आणि पुन्हा उकळेपर्यंत तळ लागतो. ढवळताना पळी तळाला टेकवून फिरवा.

उरलेल्या अन्नाकडे पंगत उठल्यावर लगेच बघा. मोठ्या पातेल्यातलं वरण कडेला गार आणि मध्ये कोमट असं तासन्‌तास राहतं, आणि त्या कोमटपणातच ते आंबतं. भाताचं तर आणखी जपावं लागतं, कारण शिजवूनही न मरणारे काही जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत भात परातीत पातळ पसरून गार करा, मग लहान डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवा. वरणही उथळ भांड्यांत वाटून. मे महिन्यात दोन तासांचीही वाट बघू नका.